मुदत ठेवीचं व्याज आणि बचत करणाऱ्याला बसणारा जादा कर

गैरसमज : व्याज ही नवी कमाई, मग त्यावर कर लागला तर काय बिघडलं?

तीस टक्क्यांच्या टप्प्यातले दोघं घ्या. दोघांनाही एक लाख रुपये जास्तीचे मिळाले आणि कर भरून हातात ७०,००० उरले (हिशेब सोपा राहावा म्हणून उपकर सोडून देऊ). एकानं ते लगेच खर्चून टाकले, त्याचा कराशी संबंध तिथं संपला. दुसऱ्यानं सात टक्क्यांनी दहा वर्षांची मुदत ठेव केली. व्याजावर कर नसता तर त्याला १,३७,७०० रुपये मिळाले असते. पण दरवर्षी व्याजातले तीस टक्के गेले की खरा दर ४.९ टक्केच राहतो आणि हातात साधारण १,१२,९०० येतात. तोच पैसा आज खर्च केला तर एकदा कर आणि थांबून खर्च केला तर जास्त, हा फरक आयकराच्या रचनेतच आहे.

महागाई धरली तर चित्र आणखी वाईट दिसतं. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले, तर त्या १,१२,९०० ची खरेदीशक्ती आजच्या ६९,३०० रुपयांएवढी. म्हणजे दहा वर्षं थांबून मुद्दलही पुरतं टिकलं नाही. खरं उत्पन्न दोन टक्क्यांचं होतं, कर मात्र २.१ टक्के गेला, कारण महागाईची भरपाई करणारा भागही कायद्याच्या लेखी उत्पन्नच.

गैरसमज : बँकेनं टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला.

पॅन दिलेला असेल तर बँक सहसा दहा टक्केच कापते. उरलेला कर आपल्या टप्प्याप्रमाणे विवरणपत्र भरताना द्यावा लागतो. व्याज मुदतीच्या शेवटी मिळणार असलं तरी ते साठत जातं तसं टीडीएस दरवर्षी कापला जातो.

गैरसमज : उपभोगावर कर म्हणजे जीएसटी, आणि तो गरिबांवरच पडतो.

जीएसटीबद्दलची ही तक्रार बरीच खरी आहे. कमी कमाईवाल्याचा बहुतेक पैसा खर्चातच जातो. पण उपभोग कर दुसऱ्या रीतीनंही लावता येतो : उत्पन्नातून बचत वजा करायची आणि उरलेल्या खर्चावर चढत्या दरानं कर घ्यायचा. वरच्या उदाहरणात पूर्ण लाख ठेवीत गेला असता, दहा वर्षांनी १,९६,७०० झाले असते, आणि खर्च करताना तीस टक्के देऊन १,३७,७०० उरले असते. व्याज करमुक्त ठेवल्यावर आला तोच हा आकडा. नव्या करप्रणालीतला पीपीएफ नेमका याच हिशेबानं चालतो : भरताना वजावट नाही, व्याजावर कर नाही.

हे निव्वळ पुस्तकी नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालावरून भारतानं १९५७ मध्ये खर्च कराचा कायदा केला. तो १९६२ मध्ये उठला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. वसुली नगण्य होती. कुणी किती खर्च केला हे शोधणं, कुणी किती कमावलं हे शोधण्याहून अवघड निघालं.