आडपडद्यांमधलं अंतर

शेल-अँड-ट्यूब उष्णता विनिमयकात नळ्यांबाहेरचं पाणी आडपडद्यांमुळे नागमोडी धावतं. त्याची वाट सतत अरुंद-रुंद होते, मग वेग मोजायचा कुठे? डोनाल्ड कर्न यांनी 1950 च्या पुस्तकात शेलच्या मधोमध, नळ्यांच्या फटींचं क्षेत्रफळ धरलं.

समजा, शेलचा व्यास 400 मिमी, नळी 19 मिमीची, चौकोनी मांडणीत नळ्यांची केंद्रं 25 मिमीवर, पडदे 200 मिमीवर. क्षेत्रफळ 0.4 × 6/25 × 0.2, म्हणजे 0.0192 चौमी. चार नळ्यांमधल्या मोकळ्या जागेवरून समतुल्य व्यास येतो सुमारे 23 मिमी. रेनॉल्ड्स अंक त्यावरूनच काढतात.

पडदे 100 मिमीवर आणले, तर वेग दुप्पट होतो, पण उष्णता-संक्रमण गुणांक जेमतेम दीडपट. दाबातली घट मात्र सुमारे सातपट! पंपाचं वीजबिल इथेच फुगतं. शिवाय पडद्यांच्या कडेने निसटणारं पाणी या सूत्रात वेगळं धरलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे बरेच वेगळे निघू शकतात.