चोरीचा माग : कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याचे दोन पद्धतींनी पृथक्करण

भिलाईच्या आमच्या शाखेत येणाऱ्या मराठी खातेदारांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. पेन्शनची नोंद करून घेताना ते एखादा तरी अवघड प्रश्न विचारल्याशिवाय जात नाहीत. मागे एकदा त्यांनी विचारले, "साहेब, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चौऱ्याण्णव कोटी गेले. पण माझ्या मेहुण्याचे खाते तिथेच आहे आणि त्यातला एक रुपयाही हलला नाही. मग गेले ते पैसे कुणाचे?"

योगायोगाने त्याच सुमारास प्रशिक्षणाचा भाग म्हणून मला एक गृहपाठ मिळाला होता. प्रत्यक्ष घडलेली एखादी सायबर घुसखोरी घ्यावी आणि ती 'सायबर किल चेन' व 'डायमंड मॉडेल' या दोन चौकटींत बसवून दाखवावी, असे त्याचे स्वरूप होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे संगणकशास्त्रापेक्षा खतावणी मला जवळची. म्हणून मी त्या काकांचाच प्रश्न विषय म्हणून निवडला.

प्रथम घटना पाहू. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ मध्ये स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांचा सुट्टीचा दिवस. त्या दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून, व्हिसाच्या जाळ्यावर सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे अंदाजे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार होऊन अडीच कोटी रुपये गेले. मध्ये रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेद्वारे हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतील 'एएलएम ट्रेडिंग लिमिटेड' या नावाच्या खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये पाठविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. आपण परक्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र आपल्या बँकेला एक संदेश पाठविते : अमुक कार्डावर अमुक रक्कम मागितली आहे, द्यावी काय? हा संदेश कार्डाच्या जाळ्यातून प्रवास करीत आपल्या बँकेच्या 'स्विच' नावाच्या सर्व्हरपर्यंत येतो. स्विच तो आत मुख्य बँकिंग प्रणालीकडे, म्हणजे आपण ज्याला सीबीएस म्हणतो तिकडे, सोपवितो. तेथे शिल्लक तपासली जाते, खाते नावे पडते आणि उत्तर त्याच वाटेने परत जाते. या संदेशांचा नमुना आयएसओ ८५८३ या मानकाने ठरविलेला आहे. उत्तरातील एका ठराविक रकान्यात `00` आले तर मंजुरी आणि `51` आले तर शिल्लक अपुरी, असा संकेत. हजारो मैलांवरच्या यंत्राला खातेवही दिसत नाही, त्याला दिसते ते एवढेच उत्तर.

कॉसमॉसमध्ये हल्लेखोरांनी खऱ्या स्विचला समांतर असा एक खोटा स्विच उभा केला. पैशाची मागणी आली की तो ती आत सीबीएसकडे जाऊच देत नसे आणि बाहेरच्या बाहेर मंजुरीचे उत्तर धाडीत असे. शिल्लक तपासली गेली नाही आणि कोणाचेही खाते नावे पडले नाही. पैसे मात्र त्या एटीएमच्या मालकाने दिले आणि तडजोडीच्या हिशेबात ते कॉसमॉस बँकेकडून वसूल झाले. तेव्हा काकांना उत्तर असे की, गेले ते पैसे बँकेचे. मेहुण्यांच्या खात्याला धक्का लागला नाही, कारण चोरांनी खात्यांकडे पाहिलेच नाही.

आता पहिली चौकट. लॉकहीड मार्टिन या अमेरिकन कंपनीतील तीन अभ्यासकांनी २०११ मध्ये 'किल चेन' मांडली. घुसखोरी एका क्षणात घडत नाही, ती सात पायऱ्यांनी होते, हा तिचा गाभा. आधी टेहळणी, मग हत्याराची जुळणी, ते आत पोहोचविणे, एखाद्या त्रुटीचा फायदा घेणे, आत ठाण मांडणे, बाहेरून हुकूम देण्याची वाट तयार करणे आणि अखेर मूळ हेतू साधणे. साखळीची एक कडी तुटली तरी पुढचे घडत नाही, म्हणून बचाव करणाऱ्याला सात संधी मिळतात.

माझी पहिली चूक अशी की, मी पहिल्या पायरीपासून लिहू लागलो. "हल्लेखोरांनी टेहळणी केली, फसवा ई-मेल पाठविला" अशी चांगली दीड पाने झाली. आमच्या प्रशिक्षकांनी लाल शाईने समासात एकच शब्द लिहिला : "पुरावा?" तो माझ्याजवळ नव्हता. आपण घटना कथेसारखी सांगू लागतो आणि कथेला सुरुवात हवी असते, म्हणून ती आपणच रचतो. पृथक्करण करणाऱ्याने उलट दिशेने, म्हणजे जेथे पुरावा आहे तेथून मागे जायचे असते. लेखापरीक्षणात आपण ताळेबंदापासून व्हाउचरपर्यंत मागे जातो, तसेच हे.

मग मी सातव्या पायरीपासून सुरुवात केली. रोकड निघाली, हे निश्चित. रोकड निघण्यासाठी बनावट कार्डे हवीत. बनावट कार्डावर खऱ्या कार्डांचे क्रमांक हवेत, नाहीतर जाळे तो संदेश कॉसमॉसकडे पाठविणारच नाही. म्हणजे शनिवारपूर्वी केव्हातरी कार्डांचा तपशील चोरांच्या हाती पडला असला पाहिजे. पिन ठाऊक असण्याची मात्र गरज उरत नाही, कारण पिन तपासणाऱ्या यंत्रणेचे उत्तरच खोटे दिले जात होते. पुढे, स्विचला समांतर स्विच उभा करायचा तर त्या सर्व्हरवर अधिकार हवा आणि बँकेचे संदेश कोणत्या स्वरूपात येतात हेही माहीत हवे. हे एका दुपारी होत नाही. तेव्हा पाचवी आणि सहावी पायरी आधीच ओलांडलेली होती, असे अनुमान भक्कमपणे करता येते.

येथे किल चेनची एक मर्यादा ध्यानात आली. आत शिरल्यानंतरचे सर्व काम, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणे, स्विचचा अभ्यास करणे, कार्डांचा तपशील मिळविणे, हे सारे ती सातव्या पायरीत कोंबते. बँकेच्या दृष्टीने चोर पकडला जाण्याची सर्वांत मोठी संधी याच काळात असते आणि नेमके तेथेच चौकटीत एक घर आहे.

दुसरी चौकट ही उणीव काही अंशी भरून काढते. काल्टाजिरोन, पेंडरगास्ट व बेट्झ या तिघांनी २०१३ मध्ये मांडलेल्या डायमंड मॉडेलमध्ये प्रत्येक घटना म्हणजे चार कोनांचा एक हिरा. हल्लेखोर, त्याची क्षमता, त्याने वापरलेली साधनव्यवस्था आणि बळी हे ते चार कोन. प्रत्येक घटनेला वेळ असते, पायरी असते आणि त्या नोंदीवर आपला कितपत विश्वास आहे हेही लिहायचे असते. एक कोन ठाऊक असला की त्याच्या आधारे शेजारचा शोधायचा.

शनिवारचा हिरा मांडू. बळीच्या कोनात बँक, आणि अधिक काटेकोरपणे तिचा एटीएम स्विच. खातेदार या कोनात येत नाहीत. क्षमतेच्या कोनात खोटी मंजुरी देणारा प्रोग्राम. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने 'फास्टकॅश' या नावाने एक इशारा प्रसिद्ध केला. त्यात बँकांच्या स्विच सर्व्हरवर बसून अशीच खोटी उत्तरे देणाऱ्या प्रोग्रामचे वर्णन असून हे प्रकार २०१६ पासून चालू असल्याचे म्हटले आहे. पण त्यात कॉसमॉसचे नाव नाही. म्हणून मी 'रीत तीच, विश्वास मध्यम' अशी नोंद केली. त्याच इशाऱ्यात, बँकांमध्ये प्रथम प्रवेश कसा झाला हे अज्ञात असल्याचेही स्पष्ट म्हटले आहे. माझ्या तक्त्यातील पहिली चार घरे त्यामुळे रिकामी राहिली आणि ती तशीच ठेवली.

साधनव्यवस्थेच्या कोनात माझा बराच वेळ गेला. बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी माणसे कोठे लिहायची? आपल्या देशातही अशी माणसे पकडली गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. सर्वसामान्य वाचक म्हणेल, चोर सापडले. परंतु ज्यांनी रोकड उचलली त्यांना स्विच म्हणजे काय हे माहीत असण्याचे कारण नाही. त्यांना हल्लेखोराच्या कोनात बसविले की तपास तेथेच थांबतो. मी त्यांना साधनव्यवस्थेत लिहिले. यावर आमच्या तुकडीत वाद झाला आणि काहींचे मत अजूनही वेगळे आहे.

हल्लेखोराच्या कोनात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचा २०१९ चा अहवाल उपयोगी पडतो. त्यात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडलेला आहे. मॉडेलमध्ये प्रत्यक्ष कळ दाबणारा आणि ज्याच्यासाठी ती दाबली जाते तो, असा भेद आहे. अहवाल दुसऱ्याबद्दल बोलतो. पहिल्याच्या ठिकाणी मी आरंभी सर्वत्र 'लाझारस' असे लिहून टाकले होते, ते खोडले.

सोमवारचा हिरा वेगळा. बळी तीच बँक, पण यंत्रणा स्विफ्टची. साधनव्यवस्था म्हणजे हाँगकाँगचे ते खाते. क्षमता निराळी. हे दोन हिरे एकाच धाग्यात ओवावेत काय? वेळ लागून आहे, बळी एकच आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातही दोन्ही एकत्र आले आहेत. मी ओवले, आणि धाग्यावर विश्वासाची पातळी लिहिली.

एक गोष्ट राहिली. अमेरिकेच्या एफबीआयने शुक्रवारी, १० ऑगस्टला, बँकांना एक गोपनीय सूचना पाठविली होती आणि दोनच दिवसांत ती वृत्तांतून बाहेर आली. जगभर एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा कट येत्या काही दिवसांत अंमलात येईल, असा तिचा आशय होता. चौकटीत बसवून पाहिले तर ही माहिती सातव्या पायरीची. कोणती बँक, कोणता सर्व्हर, कोणता प्रोग्राम, हे कोन त्या वृत्तांतात दिसत नाहीत. शुक्रवारी हाती आलेल्या अशा कागदावर एखाद्या अधिकाऱ्याने शनिवारच्या सुट्टीत नेमके काय बंद करायचे?

मात्र एक तपासणी अशी आहे, की तिला चोराचे नाव किंवा प्रोग्राम ठाऊक असण्याची गरज नाही. कार्डाच्या जाळ्याने जेवढ्या मंजुऱ्या नोंदविल्या, तेवढ्याच नावे नोंदी सीबीएसमध्ये आहेत काय? खोटा स्विच मंजुरी देऊ शकतो, पण खतावणीत नोंद करीत नाही. हा मेळ दुसऱ्या दिवशी घातला तर तो केवळ हिशेब ठरतो. दर काही मिनिटांनी घातला, तर परदेशातून आलेल्या पहिल्या शंभरेक मंजुऱ्यांनाच जोड नोंद सापडत नाही आणि स्विचची बाहेरची वाट बंद करता येते. गृहपाठाच्या शेवटच्या पानावर मी हेच लिहिले. प्रशिक्षकांनी त्यावर विचारले की, सुट्टीच्या दिवशी तो मेळ पाहणार कोण आणि वाट बंद करण्याचा अधिकार कोणाला? ते पान अजून माझ्या टेबलावर आहे.