बियाण्याची अफवा आणि आपलं ४ जूनचं निवेदन: एवढंच का लिहिलं होतं?



४ जूनला दुपारी एक फोटो आणि एक ऑडिओ गावोगाव फिरला. फोटोत न उगवलेलं सोयाबीन आणि शेजारी बियाण्याची पिशवी. ऑडिओत सांगितलं होतं की आपल्या कंपनीचं बियाणं फेल आहे, परत करून पैसे मागा, नाहीतर पेरणी वाया जाईल. बोलणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. त्याच रात्री कंपनीने एक छोटं निवेदन पाठवलं. त्यावर बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, "सरळ खोटं आहे म्हणून का नाही सांगितलं? एवढं जपून का लिहिलं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज सविस्तर सांगतो.

आधी ते निवेदन पुन्हा वाचा:

*"फोटोत दिसणारी पिशवी आपल्या कंपनीची नाही. तिच्यावरचा लॉट नंबर आपल्या रजिस्टरमध्ये नाही. आपण यंदा ११, १२ आणि १४ नंबरचे तीन लॉट दिले. एप्रिलच्या तपासणीत तिन्हींची उगवण ७० टक्क्यांच्या वर होती. आजची उगवण पाहण्यासाठी तिन्ही लॉटचे नमुने उद्या प्रयोगशाळेत जातील. अहवाल येईपर्यंत आम्ही त्याबद्दल काही सांगणार नाही. पुढचा मेसेज ७ जूनला संध्याकाळी ७ वाजता येईल, अहवाल आला नसला तरी येईल. पिशवी, लेबल आणि बिल जपून ठेवा. घरी १०० दाण्यांची तपासणी करा. न फोडलेली पिशवी परत द्यायची असेल तर केंद्रावर घेतली जाईल."*

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो आपला नाही, हे आम्हाला त्याच दिवशी ठामपणे सांगता आलं, कारण त्याला कागदाचा आधार होता. फोटो मोठा करून पाहिला तर टॅग निळा होता, म्हणजे प्रमाणित बियाण्याचा. आपलं यंदाचं बियाणं सत्यदर्शक आहे, त्याला हिरवं लेबल आहे. लॉट नंबरही जुळत नव्हता. ही पडताळणी अर्ध्या तासात झाली.

पण "आपलं सगळं बियाणं चांगलं उगवतं" हे वाक्य त्या रात्री लिहिण्यासारखं नव्हतं. आपल्या हातात एप्रिलचा अहवाल होता. मधे मे महिन्याचा उन्हाळा गेला. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि अंकुर सालीला लागूनच असतो. पिशवी उंचावरून आपटली, पत्र्याखाली तापली, थप्पी फार उंच लागली, तर उगवण घसरते. एप्रिलमधला आकडा जूनमध्ये तसाच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. नव्याने तपासायचं तर वेळ लागतो. प्रयोगशाळेत एका नमुन्याचे १००-१०० दाण्यांचे चार भाग लावतात. पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची. नमुना पोचण्याचे आणि अहवाल येण्याचे दिवस वेगळेच. अफवेला मात्र सगळ्या गावांत पोचायला दोन तास पुरले.

या मधल्या दिवसांसाठीच असं निवेदन असतं. जे माहीत आहे ते सांगायचं, जे माहीत नाही त्याची मुदत सांगायची, आणि तोवर शेतकऱ्याने काय करावं ते सांगायचं. समजा, आम्ही त्या रात्री "शंभर टक्के खात्रीचं बियाणं" असं लिहिलं असतं आणि एक लॉट ६५ टक्के निघाला असता, तर? मग फोटोबद्दल सांगितलेलं खरंही कोणी मानलं नसतं. आणि आमच्या शब्दावर पेरणाऱ्याचं रान विरळ राहिलं असतं ते वेगळंच.

काहींचं म्हणणं, फोटोतल्या पिशवीवर ज्यांचं नाव आहे त्यांचं नाव का जाहीर केलं नाही? फोटो कधीचा, कुठला, हे आम्हाला माहीत नाही. दाणे न उगवण्याचं कारण बियाणंच होतं की खोल पेरणी की पावसाचा खंड, हेही माहीत नाही. आपल्यावरची अफवा उचलून दुसऱ्याच्या दारात टाकली असती तर आपणही तेच केलं असतं. ऑडिओ कोणी पाठवला यावरही आम्ही बोललो नाही. बहुतेकांनी तो काळजीपोटीच पुढे पाठवला होता.

७ जूनचा मेसेज दोनच ओळींचा होता: नमुने पोचले, अहवाल बाकी. काही सभासद त्यावर हसले. पण ७ वाजताची वेळ देऊन गप्प बसलो असतो, तर त्या गप्पपणातून दुसरी अफवा निघाली असती. सांगितलेल्या वेळी काहीच न येणं याचा अर्थ लोक स्वतःच लावतात.

आता अहवाल. परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेचा निकाल काल आला. लॉट ११ ची उगवण ७६ टक्के, लॉट १२ ची ८०, लॉट १४ ची ७३. सोयाबीनला किमान ७० टक्के लागते, म्हणजे तिन्ही लॉट पास आहेत. अहवालाची प्रत प्रत्येक केंद्रावर लावली आहे, येऊन पाहा. लॉट १४ काठाच्या जवळ आहे हे उघडच सांगतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी घरची तपासणी टाळू नये, कारण अहवाल आमच्या गोदामातल्या नमुन्याचा आहे, तुमच्या घरी ठेवलेल्या पिशवीचा नाही.

घरची तपासणी अशी करा: पिशवीच्या वेगवेगळ्या भागांतून दाणे घ्या, निवडून चांगलेच घेऊ नका. ओल्या गोणपाटावर १०-१० च्या ओळीत १०० दाणे मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. पाच-सात दिवसांनी मूळ आणि कोंब दोन्ही नीट असलेलेच मोजा. नुसते फुगलेले धरू नका. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरे. ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६६ आले तर ३२ किलो. ६० च्या आसपास किंवा खाली आले तर ती पिशवी पेरू नका, लेबल आणि बिलासह केंद्रावर आणा. पेरल्यावर उगवण कमी दिसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. तिथेही लेबल, बिल आणि पिशवीत थोडं शिल्लक बियाणं लागतं. तक्रार आपल्याच कंपनीविरुद्ध असली तरी ती जरूर करा.

आतापर्यंत ४६ पिशव्या परत आल्या. त्यांचे पैसे बँक खात्यात जमा केले आहेत, कोणाला कारण विचारलेलं नाही. निकाल पाहून पिशवी परत हवी असेल तर शिल्लक असेपर्यंत त्याच भावात मिळेल.

एक अडचण मात्र तुमच्याच हातात आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांच्या फोनमध्ये कंपनीचा नंबर सेव्ह आहे. ४ तारखेला अफवा मिळाली पण निवेदन मिळालं नाही, असं सांगणारे बहुतेक सभासद याच कारणाने राहिले होते. शेजाऱ्याच्या फोनमध्ये नंबर आहे का ते बघा, नसेल तर सेव्ह करून द्या.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, तीन-चार सेंटिमीटर खोलीवर. पावसाचा पुढचा मेसेज शुक्रवारी सकाळी.

— कंपनी कार्यालय