सराफ बाजारातली गर्दी आणि ज्वारीची भाकरी

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत अर्थशास्त्राची चर्चा निघाली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मागणीचा नियम आमच्या जळगावात चालत नाही. सोनं जितकं महाग होतं, तितकी सराफ बाजारात गर्दी वाढते." कुणी बारावीला अर्थशास्त्र शिकलेला असला तर लगेच पुढची भर घालतो, "यालाच गिफेन वस्तू म्हणतात." गेली कित्येक वर्षं मी हे ऐकतो आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकांतही ते वाचलं आहे. ते चूक आहे, आणि चूक अशी, की भाववाढ घरात नेमकं काय करते हे समजण्याची वाटच तिने बंद होते.

आधी सोन्याचा हिशेब करू. गर्दी हे मागणीचं माप नाही. ग्रॅम हे माप आहे. भाव चढला की दुकानात येणाऱ्यांत मोड घेऊन येणारे वाढतात. जुन्या पाटल्या देऊन नवं मंगळसूत्र घेणारा माणूस गर्दीत दिसतो, पण त्याने नवं सोनं फारसं घेतलेलं नसतं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकडेवारीनुसार 2024 साली भारतात दागिन्यांवरचा खर्च रुपयांत सुमारे 22 टक्क्यांनी वाढला, पण दागिन्यांचं वजन सुमारे 2 टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं, भाव उतरला आणि पुढच्या काही महिन्यांत खरेदी वाढली. मागणीचा नियम सांगतो तसंच हे झालं.

भाव चढत असताना काही लोक खरोखर घाईने जास्त सोनं घेतात, हे मी नाकारत नाही. पण ते सोनं महाग झालं म्हणून घेत नाहीत, उद्या आणखी महाग होईल या अंदाजाने घेतात. उद्याच्या तुलनेत आजचा भाव त्यांना स्वस्त वाटतो. तिथे अपेक्षा बदललेली असते.

गिफेन वस्तू ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे. ती समजायला सराफ बाजारातून निघून एखाद्या गरीब घरातल्या पिठाच्या डब्यापाशी यावं लागतं.

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. रोजंदारीवर जगणारं, पाच माणसांचं. धान्यासाठी महिन्याला 1500 रुपये निघतात आणि पोट भरायला 60 किलो धान्य लागतं. ज्वारी 20 रुपये किलो, गहू 40 रुपये किलो. पोरांना पोळी आवडते, पाहुणा आला तरी पोळी लागते, म्हणून घरातली बाई जमेल तेवढा गहू घेते आणि उरलेली भूक भाकरीने भागवते. हिशेब बसतो तो असा: ज्वारी 45 किलो म्हणजे 900 रुपये, गहू 15 किलो म्हणजे 600 रुपये.

आता ज्वारी 22 रुपये झाली. पहिला विचार मनात येतो, की बाई ज्वारी कमी घेईल. पण करून बघा. 45 किलो ज्वारीलाच आता 990 रुपये लागतात. उरलेल्या 510 रुपयांत 13 किलोही गहू येत नाही आणि 60 किलो पुरे होत नाहीत. पोट तर भरायला हवं. मग महागडा गहू कापून त्या पैशात ज्वारी वाढवणं एवढाच मार्ग राहतो. गहू 10 किलो, ज्वारी 50 किलो, रक्कम पुन्हा बरोबर 1500. ज्वारी महाग झाली आणि ज्वारीच 5 किलो जास्त आली. ती आवडली म्हणून नाही, उद्या महागेल म्हणूनही नाही. त्या घराला गरिबीने एक पायरी खाली ढकललं म्हणून.

याच्या आत दोन वेगवेगळ्या ओढी आहेत. त्या सुट्या करण्याची एक जुनी युक्ती आहे. समजा, भाव वाढताच कुणी त्या घराला 90 रुपये जास्तीचे दिले, म्हणजे आधीचंच 45 आणि 15 किलोचं धान्य पुन्हा घेता येईल इतके. आता घर गरीब झालेलं नाही, फक्त दोन धान्यांमधला दर बदलला आहे. पूर्वी एक किलो गव्हासाठी दोन किलो ज्वारी सोडावी लागे, आता दोन किलोंपेक्षा थोडी कमी. गहू तुलनेने स्वस्त झाला. बाई अर्धा किलो इकडेतिकडे करायला तयार असेल, तर समजा ज्वारी 44 किलोवर आणेल. हा पर्यायता परिणाम: एक किलो कमी. आता ते 90 रुपये परत घ्या. घर खरोखर गरीब झालं, आणि ज्वारी 44 वरून 50 वर गेली. हा उत्पन्न परिणाम: सहा किलो जास्त. दोन्हींची बेरीज पाच किलो जास्त.

पर्यायता परिणाम वस्तू महागल्यावर ती वाढवण्याच्या बाजूला कधीच जात नाही. फार तर शून्य होतो. उलटा जाऊ शकतो तो उत्पन्न परिणाम, आणि तोही वस्तू कनिष्ठ असेल तरच. आपल्या घरात ज्वारी कनिष्ठ आहे का, तेही तपासता येतं. ज्वारी 20 रुपयांनाच ठेवा आणि धान्याचे पैसे 1500 ऐवजी 1600 करा. आता 40 किलो ज्वारी आणि 20 किलो गहू परवडतो. हातात पैसा आला आणि ज्वारी घटली, म्हणून कनिष्ठ. सोन्याची हीच परीक्षा घ्या. घरात पैसा आला की खानदेशात सोनं वाढतं की घटतं? वाढतं. मग सोन्याच्या भाववाढीत दोन्ही परिणाम एकाच दिशेला, खरेदी कमी करण्याकडे ओढतात. सोनं गिफेन वस्तू असणं तर्कातच बसत नाही. आकडेवारी नंतरची गोष्ट.

कनिष्ठ असणं मात्र पुरेसं नाही, आणि इथे शिकलेली माणसंही घसरतात. प्रत्येक गिफेन वस्तू कनिष्ठ असते, पण बहुतेक कनिष्ठ वस्तू गिफेन नसतात. आपल्या कुटुंबात ज्वारीवर धान्याचे 60 टक्के पैसे जात होते, म्हणून तिच्या दोन रुपयांनी सगळा हिशेब हलला. ज्या कनिष्ठ वस्तूवर महिन्याला पन्नास रुपये जातात, तिचा भाव वाढला तर घर गरीब झाल्याचं जाणवतही नाही. तिथे पर्यायता परिणामच जिंकतो आणि खप घटतो.

दारिद्र्य जितकं खोल तितकी गिफेन वागणूक जास्त, हेही खरं नाही. आपल्या उदाहरणात ज्वारी 25 रुपये करा. गहू शून्य, ज्वारी 60 किलो, पैसे संपले. आता ती 30 रुपये झाली तर? कापायला गहूच उरलेला नाही. 1500 रुपयांत 50 किलो ज्वारी येते आणि घर अर्धपोटी राहतं. मागणी घटली. वागणूक पुन्हा नियमात बसली, उपाशी राहून. ज्याच्या ताटात कापण्यासारखं काही आहे, पण फार नाही, तोच मधला गरीब अशी वागणूक दाखवतो.

हे कागदावरचं गणित राहिलेलं नाही. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी 2006 साली चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांतल्या शहरी गरीब कुटुंबांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांना मुख्य धान्य स्वस्तात घेण्याची कुपनं पाच महिने दिली: हुनानमध्ये तांदळासाठी, गान्सूमध्ये गव्हासाठी. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाल्यावर घरांनी तांदूळ कमी खाल्ला. कुपनं थांबल्यावर पुन्हा वाढवला. गान्सूमधला पुरावा दुबळा निघाला. अगदी कंगाल घरांत ही वागणूक दिसली नाही, वर सांगितलेल्या कारणानेच. 2008 साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये हा अभ्यास छापून आला. त्याआधी शंभरहून अधिक वर्षं गिफेन वस्तू पुस्तकांत होती, पक्का पुरावा नव्हता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. आयर्लंडच्या दुष्काळातला बटाटा हे गिफेनचं मूळ उदाहरण नाही. आल्फ्रेड मार्शलने आपल्या ग्रंथाच्या 1895 च्या आवृत्तीत गिफेनचं नाव घेतलं ते पावाच्या संदर्भात, बटाटा नंतर चिकटला. शिवाय तिथे रोगाने बटाट्याचं पीकच गेलं होतं, मग सगळ्या देशाने जास्त बटाटे खाल्ले कुठून? कांदा महागला तरी लोक घेतात, ही गिफेन वागणूक नाही. पाव किलोची भाजी तीन कांद्यांऐवजी दोनांत होते, म्हणजे मागणी थोडी का होईना घटते. भाववाढीने प्रत्येक घर गरीब होतं असंही नाही. ज्या शेतकऱ्याच्या कणगीत विकायला ज्वारी आहे, तो भाव वाढल्यावर श्रीमंत होतो आणि त्याचा उत्पन्न परिणाम उलट्या दिशेला चालतो.

एका गैरसमजावर मात्र थांबायला हवं, कारण तो आपल्या ताटाचा अपमान करतो. कनिष्ठ म्हणजे निकृष्ट, असं मुलं धरून चालतात आणि "ज्वारी कनिष्ठ धान्य" असं लिहून मोकळी होतात. कनिष्ठपणा धान्यात नसतो. उत्पन्न वाढल्यावर एखादं घर त्या धान्याचं काय करतं, एवढंच तो शब्द सांगतो. 2024-25 साठी केंद्राचा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलला 3371 रुपये होता, गव्हाला 2275. आज जळगावात भरताबरोबर कळण्याची भाकरी मागवणारा माणूस बहुधा पैसेवाला असतो, आणि साखरेच्या आजारामुळे भाकरीकडे वळलेली घरंही पुष्कळ आहेत. वरच्या उदाहरणातले भाव म्हणूनच आजचे नाहीत. ज्या काळात ज्वारी गव्हाच्या निम्म्या भावात मिळे, तेव्हाची ती चौकट आहे.

मग आज मेहरूणच्या एखाद्या वस्तीत गिफेन वागणूक सापडेल का? माझं मत, अवघड आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरात 25 किलो धान्य बाजारभावाच्या बाहेर गेलं. ज्या धान्यावर घराचे निम्म्याहून जास्त पैसे जातात, असं एकच धान्य आता फार थोड्या घरांत उरलं असेल. भाव चढल्यावर पोळी कापून भाकरी वाढवण्याची ती सक्ती रेशनच्या या पिशवीने मोडली आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. गिफेन शिकवताना सोन्याचं उदाहरण देऊ नका. मुलांना 1500 रुपये आणि 60 किलोचा हिशेब फळ्यावर मांडायला सांगा, आणि भाव 20, 22, 25, 30 असा चढवत न्यायला लावा. आणि सराफ बाजारातल्या गर्दीकडे कुणी बोट दाखवलं, तर त्यांना एकच प्रश्न विचारा: पावतीवर ग्रॅम किती आहेत?