पॅकवर ६० वॅट, लॅपटॉपला ३०

गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये '६० वॅट' छापलेला अडॅप्टर खोचला, टाइप-सी केबल लॅपटॉपला जोडली, चार्जिंगचं चिन्हही उमटलं. तरी काम करता करता बॅटरी उतरतच जाते. अडॅप्टर बहुधा बिघडलेला नसतो. पॅकवरचा आकडा सगळ्या पोर्टांची बेरीज असतो: ३० वॅट सी पोर्टचे, ३० शेजारच्या जुन्या चौकोनी पोर्टचे. लॅपटॉपच्या वाट्याला येतात ते फक्त पहिले तीस.

आता हिशेब पाहा. व्हिडिओ कॉल आणि उजळ पडदा मिळून लॅपटॉप ३८ वॅट खात असेल, तर उरलेले ८ वॅट बॅटरीतूनच जाणार. बॅटरी ५० वॅट-तासांची असेल, तर चार्जर जोडलेला असूनही तासाला १६ टक्के घट होते. झाकण मिटून ठेवलं, की तोच अडॅप्टर तिला सावकाश भरू लागतो.

यूएसबी पॉवर डिलिव्हरीत दोन्ही उपकरणं आधी बोलणी करतात. चार्जर आपल्याकडचे पर्याय सांगतो: ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट, आणि प्रत्येकासोबत किती अँपिअर. लॅपटॉप त्यातला एक निवडतो. पुष्कळ लॅपटॉपना २० व्होल्टच हवे असतात. ३० वॅटचे अनेक चार्जर मात्र १५ व्होल्टपाशीच थांबतात, आणि मग काही लॅपटॉप चार्जिंगच नाकारतात. विंडोजवर संथ चार्जिंगची सूचना दिसते, ती याच कुटुंबातली.

केबलचीही मर्यादा असते, आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअर वाहते. २० व्होल्टला गुणलं की ६० वॅट. त्यापुढे जायचं तर ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते; ती १०० वॅटपर्यंत नेते. म्हणून ६५ वॅटची पॉवर बँक फोनसोबत आलेल्या साध्या केबलवर ६०च्या वर जात नाही. २०२१मध्ये मानकाची कमाल मर्यादा २४० वॅट झाली, पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिन्ही त्या ताकदीचे हवेत.

पॉवर बँकेत आणखी एक गोष्ट तपासावी. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. हाती साठेक उरतात, म्हणजे ५० वॅट-तासांचा लॅपटॉप जेमतेम एकदा भरतो. दुसऱ्या पोर्टला फोन लावला, की अनेक बँका बोलणी नव्याने करतात आणि लॅपटॉपचा वाटा घटवतात.

खरेदीपूर्वी पॅकच्या मागची बारीक अक्षरातली ओळ वाचा. सी पोर्टच्या नावापुढे २० व्होल्ट आणि निदान ३ अँपिअर लिहिलेले नसतील, तर तो चार्जर चालू लॅपटॉपसाठी घेऊ नका.