डिसेक्शन हॉलमधली पहिली रात्र

देहदानाचा देह वैद्यकीय महाविद्यालयात येतो त्याला दिवसरात्र नसते. मृत्यूनंतर शरीर कुजायला लवकरच लागते, उन्हाळ्यात तर फारच लवकर. म्हणून बहुतेक ठिकाणी नातेवाइकांना सहा ते आठ तासांत देह पोचवायला सांगतात. शरीररचनाशास्त्र विभागाचे दार त्यामुळे कधीकधी रात्री दहालाही उघडते. अशाच एका रात्री पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला पाहायला थांबवून घेतलेले असते. प्रसंग कल्पित आहे, पद्धत मात्र खरी.

आधी कागद. मृत्यूचा दाखला डॉक्टरच्या सहीचा हवा आणि मृत्यू नैसर्गिक हवा. अपघात, आत्महत्या किंवा पोलीस चौकशीचे प्रकरण असेल, शवचिकित्सा झाली असेल, काही संसर्गजन्य रोग असतील, तर देह स्वीकारत नाहीत. हयातीत भरलेला देहदानाचा अर्ज एकटा पुरत नाही. जवळच्या नातेवाइकाने ऐनवेळी नकार दिला तर देह घरीच राहतो. त्या रात्री मुलगा सही करतो आणि विचारतो, “आईचे डोळे दुपारीच दिलेत, चालेल ना?” चालते, नेत्रदानाने देहदान अडत नाही. दुसरा प्रश्न अस्थींचा. त्या सहसा मिळत नाहीत, आणि हे आत्ताच स्पष्ट सांगणे बरे, महिन्यांनी नव्हे.

सही झाली की नाव नोंदवहीत राहते आणि देहाला क्रमांकाची पट्टी बांधली जाते. टेबलाशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना फार तर वय आणि मृत्यूचे कारण कळते. या विद्यार्थ्याने मात्र नाव ऐकलेले असते. ते वसतिगृहात जाऊन सांगायचे नाही, एवढे सर त्याला बजावतात. मोबाइल तर दाराबाहेरच ठेवलेला असतो.

मग मसाला भरणे, म्हणजे एम्बामिंग. जांघेत, कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि जघनास्थींचा मधला सांधा यांच्या साधारण मध्यावर चीर घेऊन मांडीची धमनी शोधतात. ती पांढुरकी, जाड भिंतीची, रबरी नळीसारखी लागते. तिच्या आतल्या बाजूची शीर पातळ, निळसर आणि मऊ असते. नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो. शिरेत नळी घातली तर तिच्यातल्या झडपा आड येतात आणि द्राव सगळीकडे पोचत नाही. उंचावर टांगलेल्या भांड्यातून द्राव आपल्या वजनाने उतरतो. त्यात फॉर्मालिन असते, ते प्रथिने घट्ट करून जंतूंना अन्न उरू देत नाही; ग्लिसरीन असते, ते ऊतींना कोरडे पडू देत नाही; स्पिरिटही असते. प्रौढ देहाला आठ-दहा लिटर लागतात. डोळ्यांना झोंबणारा वास फॉर्मालिनचा. विद्यार्थ्याला घेरी आली तर कारण नेहमी भीतीच असते असे नाही. उपाशी पोट आणि बराच वेळ ताठ उभे राहणे पुरते. त्याला स्टुलावर बसवतात. यात लाजण्यासारखे काही नाही.

द्राव पोचला हे कसे ओळखायचे? कातडी ताठरते, बोटे किंचित फुगतात. त्या रात्री डावा पाय मऊच राहतो. धमनीत गुठळी अडकलेली असावी. नळी फिरवून पायाच्या दिशेने वळवतात, तरी उपयोग होत नाही, तेव्हा मांडीत आणि पोटरीत सुईने थोडाथोडा द्राव टोचतात. हे केले नाही तर काही महिन्यांनी तोच भाग सडतो आणि दान केलेल्या देहाचा एक पाय वाया जातो. मृताचा मान राखणे म्हणतात ते बरेचसे या कंटाळवाण्या अर्ध्या तासात असते. नमस्कार तर सगळेच करतात. हॉलचे मामा एवढा वेळ चेहऱ्यावरची फडकी ओली करत असतात. चेहरा झाकलेला असतो तो सभ्यतेसाठी, आणि ओठ-पापण्या सुकून काळ्या पडू नयेत म्हणूनही.

मसाला भरलेला देह लगेच टेबलावर येत नाही. ऊती पक्क्या व्हायला तो काही आठवडे, कधी काही महिने, सौम्य फॉर्मालिनच्या टाकीत राहतो. त्यामुळे ज्याने ही रात्र पाहिली त्याच्या हाताला बहुधा दुसराच देह येतो. त्याआधी सगळी तुकडी उभी राहून शपथ घेते. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात ‘देह हा पहिला शिक्षक’ अशा अर्थाचा स्वतंत्र पाठच आहे. पहिला छेद बहुतेक ठिकाणी छातीवर, गळ्याच्या खोलगट भागापासून उरोस्थीच्या टोकापर्यंत, फक्त कातडीच्या जाडीचा. नवखा हात जोरात दाबतो आणि कातडीखालच्या बारीक मज्जातंतू पहिल्याच फटक्यात जातात. ते त्या देहात पुन्हा दिसणार नसतात.

काढलेली कातडी, चरबी, मांसाचे तुकडे त्याच टेबलाच्या क्रमांकाच्या डब्यात जमा होतात. दोन देहांचे एकत्र करायचे नसते. वर्षअखेरीस डबा आणि उरलेला देह एकत्रच अंत्यसंस्काराला जातात, आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तारीख पडते.