१.३३ चं काय करायचं?

शेजारची मुलगी अकरावी सायन्सला आहे. परवा रात्री तिने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काकू, एम्पिरिकल फॉर्म्युला CHO येतोय, पण उत्तर वेगळं दिलंय. कुठे चुकतंय?" फोटोत एक छापील तक्ता होता. कार्बन ४०.९२ टक्के, हायड्रोजन ४.५८ टक्के, ऑक्सिजन ५४.५० टक्के आणि खाली रेणुवस्तुमान १७६. पदार्थाचं नाव मात्र दिलेलं नव्हतं.

हायड्रोजनच्या ओळीवर ट्यूबलाइटची तिरीप पडली होती. मधला आकडा पाच की सहा, ते कळत नव्हतं. अशा वेळी फोटो मोठा करकरून डोळे ताणण्यापेक्षा बेरीज करावी. ४.५८ धरलं तर तिन्ही टक्के मिळून बरोबर १०० होतात, ४.६८ धरलं तर १००.१०. म्हणजे पाचच. एवढ्याशा फरकाने काय बिघडलं असतं, ते पुढे दिसेलच. एक सावधगिरी मात्र हवी. फोटोत एखादी ओळ कापली गेली असेल, तर उरलेले टक्के ऑक्सिजनचे असं आपण सहज धरून चालतो. ती ओळ नायट्रोजनचीही असू शकते, आणि हे कुठल्याही बेरजेतून कळत नाही. तिथे पूर्ण पानाचा फोटो पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

आता गणित. टक्के वजनाचे असतात आणि सूत्रात अणूंची संख्या लागते. हायड्रोजनचा अणू अगदी हलका, ऑक्सिजनचा त्याच्या जवळजवळ सोळा पट जड. म्हणून ४.५८ हा आकडा लहान दिसला तरी त्यात अणू भरपूर असतात. पदार्थ १०० ग्रॅम आहे असं धरलं की टक्क्यांचे थेट ग्रॅम होतात. मग प्रत्येकाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागायचं. आवर्तसारणीच्या चौकटीत कार्बनपाशी ६ आणि १२.०१ असे दोन आकडे असतात. त्यातला ६ हा अणुक्रमांक, तो इथे कामाचा नाही. ऑक्सिजनसाठीही १६ घ्यायचे, ३२ नाही, कारण आपण हवेतला जोडीने फिरणारा ऑक्सिजन मोजत नसून सुटे अणू मोजतोय.

४०.९२ ला १२.०१ ने भागलं की ३.४१ येतात. ४.५८ ला १.००८ ने भागलं की ४.५४. ५४.५० ला १६ ने भागलं की पुन्हा ३.४१. यातल्या सर्वांत लहान संख्येने तिघांनाही भागायचं: कार्बन १, हायड्रोजन १.३३, ऑक्सिजन १.

तिची चूक इथेच झाली होती. तिने १.३३ चा सरळ १ केला. कारण विचारलं तर म्हणाली, "पूर्णांक करायचे असतात ना?" करायचे असतात, पण १.०२ चा १ करणं वेगळं आणि १.३३ चा १ करणं वेगळं. पहिल्यात मोजमापातला बारीक दोष झटकला जातो. दुसऱ्यात अणूच गायब होतात. दशांशात ०.३३ दिसलं की तो एक तृतीयांश आहे हे ओळखायचं आणि सगळ्या संख्यांना ३ ने गुणायचं. ०.५ असेल तर २ ने, ०.२५ किंवा ०.७५ असेल तर ४ ने. इथे ३ ने गुणल्यावर कार्बन ३, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ३ आले. म्हणजे एम्पिरिकल फॉर्म्युला C₃H₄O₃.

तिरिपेत ४.६८ वाचलं असतं तर भागाकार १.३६ आला असता. तो धड एक तृतीयांशाशीही जुळत नाही आणि धड ११/८ शीही नाही. असा आकडा आला की पट शोधत बसू नये, आधी फोटो पुन्हा वाचावा.

उत्तर खरं की खोटं हे पुस्तकाची शेवटची पानं न उघडता पडताळता येतं. सूत्रावरून उलटे टक्के काढायचे. CHO मध्ये हायड्रोजन ३.४७ टक्के भरतो, तक्त्यात तर ४.५८ आहे. प्रयोगशाळेत साधारण ०.४ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात, इथे तो एकाहून जास्त आहे. C₃H₄O₃ मध्ये मात्र ४०.९२, ४.५८ आणि ५४.५० हेच आकडे जसेच्या तसे परत येतात.

हे टक्के येतात कुठून, तेही तिला सांगितलं. पदार्थ जाळतात, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी शोषून घेऊन त्यांचं वजन करतात, आणि त्यावरून कार्बन व हायड्रोजन काढतात. या जुन्या पद्धतीत ऑक्सिजन सहसा मोजला जात नसे, १०० मधून वजाबाकी करून लिहिला जाई. तिथे बेरीज १०० येणारच. तिच्यावरून आपण आकडे नीट वाचले एवढंच समजतं, प्रयोग नीट झाला की नाही हे नाही. नमुना ओलसर राहिला असेल तर हायड्रोजन वाढतो, कार्बन घटतो, आणि बेरीज तरीही १०० च.

आता तक्त्याच्या खालचा १७६. C₃H₄O₃ चं वस्तुमान ८८ भरतं. १७६ भागिले ८८ म्हणजे २, म्हणून खरं रेणुसूत्र C₆H₈O₆. हा आकडा टक्क्यांतून कधीच निघत नाही, तो स्वतंत्रपणे मोजावा लागतो. तो दिला नसता तर आपण C₃H₄O₃ वरच थांबलो असतो, आणि त्या सूत्राचा एक खराखुरा पदार्थ आहे: पायरुविक आम्ल. आपल्या पेशी साखर मोडताना ते बनवतात. शुद्ध रूपात ते व्हिनेगरसारख्या वासाचं द्रव असतं. C₆H₈O₆ म्हणजे क जीवनसत्त्व, पांढरे स्फटिक. दोन्हींचे टक्के शेवटच्या दशांशापर्यंत सारखेच.

आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी यांनी केंब्रिजमध्ये १९२८ साली गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून हे स्फटिक वेगळे केले, तेव्हा सूत्र हाती आलं तरी पदार्थ कोणता ते उमगलं नव्हतं. तो साखरेच्या जातीचा असावा एवढंच दिसत होतं, म्हणून त्याला हेक्झुरॉनिक आम्ल हे नाव मिळालं. हेच क जीवनसत्त्व, हे कळायला १९३२ उजाडलं. मग हंगेरीतल्या सेगेदच्या पॅप्रिका मिरचीतून त्यांनी ते किलोच्या मापात काढलं, आणि पुरेसे स्फटिक मिळाल्यावर बर्मिंगहॅममध्ये नॉर्मन हॉवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली त्याची रचना ठरवली. १९३७ साली दोघांनाही नोबेल मिळालं, सेंट-ड्यॉर्डींना वैद्यकाचं आणि हॉवर्थना रसायनशास्त्राचं.

मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे C₆H₈O₆ दिसलं की क जीवनसत्त्वच ना?" नाही. ग्लुक्युरोनोलॅक्टोन नावाच्या पदार्थाचंही रेणुसूत्र C₆H₈O₆ आणि रेणुवस्तुमान १७६ च आहे. तेच वीस अणू त्यात निराळ्या जागी जोडलेले आहेत. कोणता अणू कुणाला जोडलाय, हे या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.